आतेभावाला ‘चौकशीला’ नेलंय, ठाणं म्हणतं आमच्याकडे नाही. हेबियस कशी टाकायची?

अनुत्तरित (मंगळवार, रात्री ११.५०)

घाईत लिहितोय, चुका पोटात घाला. आज रात्री सव्वानऊला माझ्या आतेभावाला इमारतीखालून दोन माणसं घेऊन गेली. साध्या वेशात होती, तिसरा गाडीत बसलेला. वहिनी खाली धावली तर म्हणाले, “साहेबांनी बोलावलंय, अर्ध्या तासात सोडतो.” नऊ चाळीसपासून त्याचा फोन बंद आहे. आम्ही जवळच्या ठाण्यात जाऊन आलो. ठाणे अंमलदार म्हणतात आमच्याकडे असा कोणी आणलेला नाही, हवं तर सकाळी या. कोणी नेलं हेच कळत नाही. बेकायदा कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणायला लावणारी हेबियस कॉर्पस नावाची याचिका असते एवढं ऐकून आहे. ती लगेच टाकता येते का, की काही दिवस वाट पाहावी लागते?

सरळसोट (रात्री ११.५८)

चोवीस तास थांबा, मग मिसिंग दाखल करा. त्याआधी पोलीस घेत नाहीत. हेबियस वगैरे त्याच्या नंतर.

जुना_काळाकोट (रात्री १२.१५)

सरळसोट, थांबायचा असा कुठलाही नियम नाही. ना मिसिंगसाठी, ना याचिकेसाठी. शिवाय हा माणूस हरवलेला नाही, त्याला नेलेलं आहे. मिसिंगची नोंद केलीत तर उद्या हेच लोक कोर्टात सांगतील की घरच्यांनाच तो कुठे गेला माहीत नव्हतं, आम्ही तर शोधतोय. द्यायचीच असेल तर तक्रार द्या आणि त्यात ‘पोलीस असल्याचं सांगून नेलं’ हे शब्द घाला.

अनुत्तरित, आज रात्री याचिका लिहायची नाहीये, तिचा पुरावा गोळा करायचा आहे. कोर्ट पहिल्याच तारखेला विचारणार की त्याला सरकारच्या माणसांनी नेलं असं तुम्ही कशावरून म्हणता. त्याचं उत्तर आता, सगळ्यांच्या आठवणी ताज्या असताना तयार होतं. वहिनींना एका कागदावर जसं घडलं तसं लिहायला सांगा. किती वाजता, कोण काय बोललं, गाडीचा रंग, नंबर अर्धा आठवत असेल तर अर्धा. अंदाजाने पूर्ण करू नका, चुकीचा नंबर न दिलेल्या नंबरापेक्षा वाईट. इमारतीच्या कॅमेऱ्याचं फुटेज आत्ताच पेनड्राइव्हवर घ्या, खासगी कॅमेऱ्यांवर काही दिवसांत नवं चित्रण चढतं.

मग ईमेल. पोलीस अधीक्षकांना (शहर असेल तर आयुक्तांना), त्या ठाण्याला आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला, तिघांना एकच मजकूर. अमुक व्यक्तीला इतक्या वाजता पोलिसांनी नेलं, ती कुठे आहे आणि कोणत्या गुन्ह्यात आहे ते कळवा. भाषा मऊ ठेवा, आरोप करू नका. ईमेलवर वेळ छापली जाते, हे त्याचं खरं काम. उत्तर आलं तर उत्तमच, नाही आलं तर तेही याचिकेला जोडायचं.

निवृत्त_फौजदार (बुधवार, सकाळी ६.४०)

मी चौतीस वर्षं खात्यात काढली, म्हणून दुसरी बाजू सांगतो. चौकशीला बोलावणं बेकायदा नाही. आणि ठाण्याला खरंच माहीत नसेल, कारण स्थानिक गुन्हे शाखेची पथकं परस्पर उचलतात आणि ठाण्याला नंतर कळवतात. तेव्हा त्या शाखेच्या, म्हणजे एलसीबीच्या ऑफिसला जा. चोवीस तासांचं म्हणाल तर ते स्टेशन डायरीत अटक दाखवल्यापासून मोजतात. त्याआधीची चौकशी त्यात धरत नाहीत.

जुना_काळाकोट (सकाळी ७.३०)

फौजदारसाहेब, एलसीबीचा मुद्दा सोळा आणे खरा. अनुत्तरित, आधी तिथे जा.

पण बाकीच्या दोन गोष्टी अर्ध्याच बरोबर आहेत. चौकशीला बोलवायचं तर लेखी नोटीस लागते आणि चौकशी झाल्यावर, किंबहुना मध्येच, माणसाला उठून घरी जाता आलं पाहिजे. रात्री सव्वानऊला इमारतीखालून गाडीत घालून नेलेला आणि फोन बंद झालेला माणूस तसा उठून जाऊ शकतो का? नसेल, तर नाव काहीही द्या, ती अटकच. कस्टम्सच्या एका जुन्या प्रकरणात आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने, म्हणजे आशक हुसेन निकालात, हे स्वच्छ सांगितलंय: अधिकाऱ्याने कागदावर कोणती वेळ टाकली यावर अटक ठरत नाही, माणसाच्या हालचालीला अटकाव झाला त्या क्षणी ती सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत सुभाष शर्मा प्रकरणात तोच हिशेब केला. ईडीने विमानतळावर प्रत्यक्ष ताब्यात घेतलं तेव्हापासून चोवीस तास मोजले, कागदावर अटक दाखवली तेव्हापासून नाही.

म्हणजे यांचं घड्याळ मंगळवारी रात्री सव्वानऊला सुरू झालं. आज रात्री सव्वानऊपर्यंत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेलं नाही तर राज्यघटनेच्या २२ व्या कलमाचा भंग. प्रवासाचा वेळ वजा होतो, पण तो खऱ्या प्रवासाचा. सुट्टी होती, आमचं कोर्ट लांब होतं, हे चालत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ५८, त्या भागाचा अधिकार नसलेल्या दंडाधिकाऱ्यासमोर नेलं तरी चालतं असं स्पष्ट लिहिलंय.

निवृत्त_फौजदार (सकाळी ७.५२)

निकाल असतील. प्रत्यक्षात डायरीतली वेळच कोर्टासमोर येते.

जुना_काळाकोट (सकाळी ७.५८)

म्हणून तर रात्रीच ईमेल पाठवायला सांगितला.

वैशाली_मु (सकाळी ९.१०)

मध्येच घुसतेय, माफ करा. माझ्या बहिणीचा नवरा चार वर्षांच्या मुलाला गावी घेऊन गेलाय आणि भेटू देत नाही. हेबियस पोलिसांविरुद्धच असते का? आम्हाला एकाने कुटुंब न्यायालयात जा सांगितलं, दुसऱ्याने हेबियस.

जुना_काळाकोट (सकाळी ९.४०)

खासगी माणसाविरुद्धही चालते. पण मुलाच्या ताब्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने जातो, तिथे कोर्ट मुलाचं हित पाहतं. तेजस्विनी गौड प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की मूल ज्याच्याकडे आहे त्याला, मग तो पालक का असेना, ते ठेवण्याचा कायदेशीर हक्क नसेल तर हेबियस चालू शकते. तरी बाप हा नैसर्गिक पालक, त्यामुळे सहसा कुटुंब न्यायालयाकडेच बोट दाखवतात. वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

अनुत्तरित (बुधवार, दुपारी २.२०)

एलसीबीला गेलो. बाहेरच्या हवालदाराने “आत आहे, जेवलाय” म्हटलं, आणि पाच मिनिटांनी एक अधिकारी येऊन म्हणाले असा कोणी नाही. ईमेल तिन्हीकडे रात्री १२.४० ला गेलेत, उत्तर नाही. फुटेज मिळालं, त्यात गाडीचे शेवटचे चार आकडे दिसतात. वकील मिळाले, उद्या सकाळी उच्च न्यायालयात लावू म्हणतात. वकीलपत्रावर भावाची सही कशी आणणार? तोच तर आत आहे.

जुना_काळाकोट (दुपारी ३.०५)

त्याची सही लागत नाही. याचिकाकर्ती वहिनी, सही वहिनींची, प्रतिज्ञापत्रही त्यांचंच. ज्याला कोंडलंय त्याच्या वतीने बायको, भाऊ, मित्र, कोणीही येऊ शकतं. बाकीच्या रिट याचिकांमध्ये ‘तुमचा हक्क कुठे डावलला गेला’ असं विचारतात, इथे ते विचारत नाहीत. सुनील बात्रांच्या दुसऱ्या प्रकरणात, १९७९ साली, एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेलं पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून धरलं होतं.

हवालदार जे बोलला ते तारीख, वेळ आणि (पट्टी वाचली असेल तर) नावासकट प्रतिज्ञापत्रात घाला. तुमच्या कानावर पडलंय, तेव्हा तुमचं वेगळं प्रतिज्ञापत्र जोडा. वहिनींच्या तोंडी घालू नका.

प्रतिवादींत फक्त जवळचं ठाणं टाकलंत तर सरकारी वकील उभे राहून प्रामाणिकपणे ‘त्या ठाण्यात नाही’ सांगतील आणि तारीख मिळेल. राज्य सरकार, पोलीस अधीक्षक, एलसीबीचे निरीक्षक आणि ठाणे, चौघेही हवेत. अधीक्षक असले की जिल्हाभर कुठेही असला तरी उत्तर त्यांना द्यावं लागतं.

मागण्यांमध्ये नुसतं ‘हजर करा आणि सोडा’ लिहून थांबू नका. ठाण्याचं आणि एलसीबीच्या कार्यालयाचं मंगळवार रात्रीपासूनचं सीसीटीव्ही चित्रण, स्टेशन डायरी आणि त्या गाडीचं लॉगबुक जपून ठेवण्याचा आदेश मागा. परमवीर सिंग सैनी निकालानंतर (२०२०) ठाण्यातलं चित्रण अठरा महिने, अन् अगदीच नाही जमलं तर किमान एक वर्ष ठेवायचं बंधन आहे. पण ‘कॅमेरा नेमका त्या दिवशी बंद होता’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आदेश पहिल्याच दिवशी घेतलेला बरा.

मिसाबंदीची_लेक (संध्याकाळी ५.३०)

अवांतर आहे, पण राहवत नाही. माझे वडील १९७५ ला आत होते. आईने तेव्हा अशीच याचिका टाकली होती. देशात नऊ उच्च न्यायालयांनी आणीबाणीतही अशा याचिका ऐकता येतील असं म्हटलं होतं, आणि मग एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असं सगळं बंद केलं. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात. आई सांगायची, निकालाच्या दिवशी वकिलाने फी परत केली. आता तसं होऊ शकतं का?

जुना_काळाकोट (संध्याकाळी ६.१०)

त्या वाटेने नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही कलम २१ ची, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची, अंमलबजावणी स्थगित करता येत नाही, आणि २०१७ ला पुट्टस्वामी निकालात तो १९७६ चा जबलपूर निकालच चुकीचा ठरवला. आजचा त्रास वेगळा आहे, दार उघडं असतं पण आत पोचेपर्यंत कागद बदललेला असतो.

अनुत्तरित (गुरुवार, रात्री ९.१५)

आजची हकिगत. साडेदहाला वकिलांनी तातडीने ऐका म्हणून मेन्शन केलं, अडीचला बोर्डावर घेतलं. सरकारी वकील म्हणाले माहिती घ्यायला वेळ द्या, ठाण्याकडून फोनवर ‘ताब्यात नाही’ असंच कळतंय. खंडपीठाने उद्या सकाळी साडेदहापर्यंत वेळ दिला, आणि अधीक्षकांनी स्वतः चौकशी करून सांगावं असं म्हटलं. फुटेज जपण्याचा आदेशही झाला.

संध्याकाळी आठला वहिनीला फोन आला. “तुमच्या मिस्टरांना अटक केली आहे, उद्या कोर्टात हजर करतोय.” फसवणुकीच्या गुन्ह्यात. अटकेची वेळ आज संध्याकाळी ७.१० दाखवलीय! मग मंगळवार रात्रीपासून आजपर्यंत तो कुठे होता?

सरळसोट (रात्री ९.२२)

म्हणजे झालं. आता जामिनाचा अर्ज करा. हेबियसमध्येच जामीन मागता येतो ना?

निवृत्त_फौजदार (रात्री ९.३०)

हेच होतं नेहमी. कोर्टाची नोटीस आली की कागद तयार होतो. खात्याची बाजू घेऊनही सांगतो, हे मला कधी पटलं नाही.

जुना_काळाकोट (रात्री ९.४५)

सरळसोट, जामीन वेगळा. तिथे अटक कायदेशीर धरून सुटका मागायची असते, इथे कोंडणंच बेकायदा आहे असं म्हणायचं असतं. दोन्ही एका अर्जात कालवू नका.

अनुत्तरित, आता नीट वाचा, कारण उद्याचं सकाळचं छोटं कोर्ट तुमच्यासाठी उच्च न्यायालयापेक्षा महत्त्वाचं आहे. दंडाधिकाऱ्यांनी रिमांड दिला की ताबा त्यांच्या आदेशाने होतो. मग उच्च न्यायालयात सरकार म्हणणार, आता तो न्यायालयाच्या आदेशाने आत आहे, हेबियस चालत नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात उच्च न्यायालयाने सोडलेल्या माणसाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच म्हटलं. कनू सन्याल प्रकरणापासून कोर्टं साधारणपणे सुनावणीच्या वेळी ताबा कायदेशीर आहे का ते पाहतात, आधी काय झालं ते नाही.

पण दारात फट आहे. गौतम नवलखा प्रकरणात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की रिमांडचा आदेश अधिकाराबाहेरचा किंवा निव्वळ यांत्रिक असेल तर त्यालाही हेबियसने आव्हान देता येतं. तो यांत्रिक होता हे दाखवायचं तर दंडाधिकाऱ्यांना सगळं सांगितलं होतं हे रेकॉर्डवर हवं. तोंडी सांगू नका. दोन पानी अर्ज द्या. ‘मंगळवार रात्री ९.१५ पासून ताबा, चोवीस तास बुधवारी रात्री ९.१५ ला संपले, त्यानंतरचा ताबा बेकायदा, म्हणून रिमांड देऊ नये.’ सोबत ईमेलची प्रत, फुटेजमधला फोटो, उच्च न्यायालयाचा आजचा आदेश. अटकेची कारणं लेखी दिली का आणि नातेवाइकाला कधी कळवलं, हेही विचारायला लावा. विहान कुमार निकालात (२०२५) कारणं न कळवलेली अटक बेकायदा ठरली, आणि अशा अटकेमागून आलेला रिमांडही टिकत नाही असं म्हटलंय.

आणखी एक. दंडाधिकारी आरोपीला ‘काही तक्रार आहे का’ विचारतात. पोलीस शेजारी उभे असतात, माणूस ‘नाही’ म्हणतो, आणि तेवढी एक ओळ पुढे सगळ्या प्रतिज्ञापत्रांना पुरून उरते. वकिलांना त्याआधी दोन मिनिटं एकट्याने भेटू द्या म्हणून सांगा. त्याने फक्त खरं सांगायचं, कधीपासून आणि कुठे ठेवलं होतं.

उत्तरेकडचा (रात्री १०.३०)

मी चंडीगडला नोकरीला होतो. तिकडचं उच्च न्यायालय वॉरंट ऑफिसर नेमतं. कोर्टाचाच माणूस तक्रारदाराला घेऊन न सांगता ठाण्यात जातो आणि खोल्या तपासतो. माणूस सापडला आणि नोंद नसली तर तिथेच पंचाईत. आपल्याकडे असं का नाही?

जुना_काळाकोट (रात्री १०.४५)

मागता येतं, पण इकडे तशी रुळलेली पद्धत नाही. मला विचाराल तर असायला हवी. सरकारी वकिलाला ‘माहिती घ्या’ म्हणून सांगणं म्हणजे ठाण्याला आगाऊ सूचना.

अनुत्तरित (शुक्रवार, संध्याकाळी ७.४०)

सकाळी अकराला हजर केलं. वकिलांना आधी भेटू दिलं. भावाने सांगितलं की मंगळवार रात्रीपासून एलसीबीच्या मागच्या खोलीत होता. दंडाधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं, आमचा अर्जही घेतला. आदेशात म्हटलंय की ताब्याच्या वेळेचा वाद उच्च न्यायालयापुढे आहे, आणि तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली. वहिनी कोर्टातच रडायला लागली.

उच्च न्यायालयात सरकारी वकिलांनी अटक झाल्याचं सांगितलं आणि याचिका निकाली काढा म्हटलं. आमच्या वकिलांनी विरोध केला. कोर्टाने निकाली काढली नाही, याचिकेत दुरुस्ती करायला आठवडा दिला आणि अधीक्षकांकडून मंगळवार ते गुरुवारचं प्रतिज्ञापत्र मागवलंय. दोन आठवड्यांनी तारीख. आता दुरुस्ती कशाची करायची?

जुना_काळाकोट (रात्री ८.३०)

रिमांडच्या आदेशाला आव्हान द्या, कारण तुमचा आक्षेप समोर असूनही त्याचं उत्तर न देता तो दिलाय. दुसरं, बेकायदा ताब्याच्या काळासाठी भरपाई मागा. माणूस आज सुटला तरी ती मागणी मरत नाही. भीम सिंग प्रकरणात, १९८५ साली, जम्मू-काश्मीरच्या एका आमदाराच्या पत्नीने हेबियस टाकली होती. सुनावणीपर्यंत ते सुटलेले होते, तरी कोर्टाने पन्नास हजार रुपये द्यायला लावले. आणि मणिपूरच्या सेबॅस्टियन हाँग्रे प्रकरणात सरकार ‘आम्ही त्या दोघांना सोडून दिलं’ म्हणत राहिलं, कोर्टाने ते मानलं नाही आणि १९८४ मध्ये दोघांच्या पत्नींना प्रत्येकी एक लाख देवविले. माणसं मात्र परत आली नाहीत.

जामिनाचा अर्जही समांतर करा. ही याचिका चालू आहे म्हणून तो आत राहायला नको.

निवृत्त_फौजदार (रात्री ८.५०)

माझा अंदाज, प्रतिज्ञापत्रात लिहितील की चौकशीला स्वखुशीने आला, रात्री परत गेला, गुरुवारी पुन्हा आला.

अनुत्तरित (रात्री ९.०५)

परत गेला असता तर इमारतीच्या कॅमेऱ्यात दिसला नसता का? बुधवार-गुरुवारचंही फुटेज काढायला पाहिजे. आम्ही फक्त मंगळवारचंच घेतलंय.

जुना_काळाकोट (रात्री ९.०७)

आत्ता. सकाळची वाट बघू नका.

अनुत्तरित (रात्री ११.३०)

मिळालं. सोसायटीच्या मशीनमध्ये सात दिवस राहतं. मंगळवार रात्री ८ पासून आज सकाळपर्यंत सगळं उतरवून घेतलं, वॉचमन आणि सेक्रेटरी दोघांची सही घेतली. कोर्टात द्यायला कॅमेऱ्याच्या फुटेजबरोबर काही वेगळं प्रमाणपत्र लागतं असं सेक्रेटरी म्हणत होते?

जुना_काळाकोट (रात्री ११.४२)

बरोबर सांगतायत. साक्ष अधिनियमाच्या जुन्या ६५-ब चं, आता नव्या कायद्यात कलम ६३. मशीन ज्याच्या ताब्यात आहे त्याची, म्हणजे सेक्रेटरींची सही लागते, आणि नव्या कायद्यात सोबत तज्ज्ञाचीही. मसुदा वकिलांकडून घ्या. आणि पेनड्राइव्ह दोन करा, एक घरी ठेवा.